टाच खाली: कबड्डीपटूचा घोटा, उसळी आणि पकड

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय कबड्डीपटूच्या व्यायामाबद्दल. घोटा, पायातली उसळी आणि पकडीची बोटं. पण आधी पंचवटीतल्या एका चढाईपटूचं ऐका, निम्मं त्यातच कळेल.

पोरगा 19 वर्षांचा, भलताच चपळ. एकाच हंगामात त्याचा उजवा घोटा तीनदा मुरगळला, आणि तिन्ही वेळा बोनस रेषेवरून परत फिरताना. कुणी म्हणालं बूट बदल, कुणी म्हणालं मॅटच घसरडी. (काळ्या मातीत वाढलेल्या जुन्या मंडळींना मॅट म्हणजे सवतच वाटते, त्यामुळे काहीही झालं की दोष तिलाच!) पोरगं आपलं क्रेप बँडेज करकचून बांधायचं आणि उतरायचं.

शेवटी प्रशिक्षकाने त्याला भिंतीपुढे उभं केलं. अनवाणी, एक पाऊल पुढे, अंगठा भिंतीकडे. आता गुडघा वाकवून भिंतीला टेकवायचा, पण टाच जमिनीवरच. जमलं की पाऊल थोडं मागे घ्यायचं, टाच उचलली जाईपर्यंत. मग अंगठ्यापासून भिंतीपर्यंत टेपने मोजायचं. डावा भरला 11 सेंटीमीटर, उजवा अवघा 6. दोन पायांत 2 सेंटीमीटरचा फरकसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो, इथे तर 5 निघाला.

याचा अर्थ काय? टाच जमिनीवर असते आणि नडगी पुढे झुकते तेव्हा घोट्याच्या आतलं हाड नडगीखालच्या खाचेत घट्ट बसतं, कारण ते पुढून रुंद असतं. टाच उचलली की मागचा अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. ह्याचा उजवा घोटा वाकतच नव्हता, म्हणून वळताना टाच लवकर उचलली जायची, वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर जायचं आणि पाऊल आत मुडपायचं. पुन्हा सांगतो: टाच खाली, सांधा घट्ट, टाच वर, सांधा सैल.

त्याला सहा आठवडे दिलेलं काम साधं होतं. भिंतीचाच व्यायाम रोज, प्रत्येक पायाने दहाचे तीन फेरे. मग सायकलची जुनी ट्यूब खाटेच्या पायाला बांधून पावलात अडकवायची आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, पंधराचे तीन फेरे. परत आणताना सावकाश, कारण मुरगळताना पाऊल आवरायचं काम हेच स्नायू करतात. पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलायची आणि तीन आकडे मोजत खाली सोडायची. शेवटी एका पायावर अर्धा मिनिट उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून.

चौथ्या आठवड्यात दुखणं गेलं आणि पोराने एका पायावरचं उभं राहणं सोडून दिलं. तिथेच घोळ झाला. प्रशिक्षकाने मोबाइलवर त्याचं एका पायावर उतरणं टिपलं, तर पाऊल थरथरत बाहेर कलत होतं. दुखणं थांबलं होतं, तोल मात्र आला नव्हता. मग नवी अट घातली: बाजूला उडी, एका पायावर उतरायचं आणि तीन सेकंद हलायचं नाही. प्रत्येक पायाने अशा पाच उड्या सलग स्थिर झाल्यावरच पूर्ण वेगाने चढाई. सहाव्या आठवड्याअखेर उजवा पाय साडेनऊवर आला.

एक मात्र ध्यानात ठेवा. ताज्या मुरगळीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या बाजूला उंचवट्यासारख्या दिसणाऱ्या हाडाची मागची कड दाबून दुखत असेल, तर आधी एक्स-रे, व्यायाम नंतर.

आता उसळी. आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून, अंग गरम झाल्यावर पण दमायच्या आधी. उभ्या जागेवरून लांब उडी, तीनचे चार फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या उडीला खडूची खूण करा. उडी वीतभर कमी पडली की थांबा, त्यापुढे फक्त थकवा साठतो. पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढून उसळी वाढते, हा नाशकातला लाडका गैरसमज. दम वाढेल, मांड्या भरून येतील, पण पहिल्या पावलाचा झटका वेगळाच. आणि दमलेल्या पायांनी त्या पायऱ्या धावत उतरणं म्हणजे घोट्याला आमंत्रणच.

राहिली पकड. कोपरारक्षकाला घोटा धरायचा असतो, आणि घोटा काही बादलीच्या कडीसारखा बारीक नसतो. म्हणून कडीवर जुना टॉवेल गुंडाळून ती जाड करा. 15 लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या, 30 मीटर चालणं, चार फेऱ्या. मग टॉवेल बारवर टाकून दोन्ही टोकं धरून लोंबकळा, 20 सेकंद, चार वेळा. हे सगळं सरावाच्या शेवटी. आधी केलं तर मैदानात बोटं उघडतात. आणि बोटं दणकट असूनही पकड सुटत असेल, तर हात बघा. कोपर सरळ ठेवून लांबून घोटा धरला की चढाईपटूच्या एका झटक्यात तो निसटतो. धरल्याबरोबर घोटा छातीशी ओढायचा, डोकं त्याच्या गुडघ्यापासून बाजूला.