टाळी आधी, आवाज नंतर

(स्वयंसेवकांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी एक काम उरकतो. मी आत्ता माइकजवळ हात धरून, कॅमेऱ्याकडे तोंड करून एक टाळी वाजवतोय. बास, एकच. कुणी साथ देऊ नका. झालं. ही टाळी लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम आहे. आजचं हे भाषण लाइव्ह चाललंय, म्हणजे आवाजाच्या मागे-पुढे होण्यावर मी बोलत असताना नेमका माझाच आवाज मागे पडायची सोय झालेली आहे. मागे खुर्च्या आहेत, बसून घ्या.

तुम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या सभागृहात, मंडळात, देवळात लाइव्ह करता, त्यामुळे कॅमेरा, एचडीएमआय, कॅप्चर कार्ड, ऑडिओ इंटरफेस हे काय असतं ते सांगत नाही. मला एका वाक्याचा राग आहे, तो आधी काढून घेतो. स्क्रीनवर ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. कुणीतरी चॅटमध्ये लिहितं, की आवाज मागे येतोय. मग आपल्यातला एक जण ठरलेलं वाक्य टाकतो: "नेट स्लो आहे." हसू नका, हे मीसुद्धा दोन वर्षं म्हणत होतो.

नेटचा यात काही संबंध नसतो. चित्र आणि आवाज ओबीएसमध्ये एकत्र येतात, प्रत्येकावर वेळेचा शिक्का बसतो आणि दोन्ही एकाच गाडीतून निघतात. गाडी न्यू जर्सीला वीस सेकंद उशिरा पोचेल, वाटेत अडखळेल, थांबेल. पण इंजिन आधी पोचलं आणि डबे मागून आले, असं होत नाही, डबे जोडलेले असतात. आवाज मागे राहिला असेल, तर गाडी सुटण्याआधीच, तुमच्या टेबलावर राहिलाय. एक अपवाद आहे. एखाद्याच प्रेक्षकाची तक्रार असेल तर त्याच्या कानातले ब्लूटूथ हेडफोन तपासायला सांगा. सगळ्यांची असेल तर दोष आपला. शंका असेल तर ओबीएसमध्ये लाइव्हसोबत रेकॉर्डिंगही चालू ठेवा. त्या फाइलमध्येही आवाज मागे असेल, तर नेटवाल्यांना फोन करू नका. त्यांना शिव्या द्यायला इतर कारणं भरपूर आहेत.

आता किस्सा. आमच्या सभागृहात शास्त्रीय गायनाची बैठक होती. गायिकेची मावशी न्यू जर्सीत, तिकडे सकाळ. द्रुत तीनताल सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत फोन. "अरे, तो तबलजी सम चुकतोय का रे?" मी म्हटलं, मावशी, काही चुकत नाहीये, मी समोर बसून ऐकतोय. "मग हात वर असताना धा कसा वाजतो?" मावशींचं बरोबर होतं. कानाला सगळं तालात होतं, गाणं आणि तबला एकाच मिक्सरमधून येत होते, ते एकमेकांना सोडून कुठे जाणार? पण मावशी हात बघत होत्या. तोवर ही तक्रार कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचली आणि तबलजींच्या सासऱ्यांनीही ती वाचली. पुढचं सांगत नाही.

त्या रात्री मी रेकॉर्डिंग उघडून बसलो. पंचवीस फ्रेमचा व्हिडिओ, म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंद. कार्यक्रमाआधी सवयीने वाजवलेल्या टाळ्या सापडल्या. एकेक फ्रेम सरकवत गेलो. तळवे चिकटल्याची फ्रेम एकीकडे आणि ध्वनिरेषेवरचा टोकदार उंचवटा त्यानंतर साधारण साडेतीन फ्रेमवर. एका टाळीवर भरवसा ठेवायचा नसतो, कारण हात नेमके दोन फ्रेमच्या मधल्या क्षणात चिकटलेले असू शकतात. म्हणून तीन टाळ्या मोजल्या आणि सरासरी काढली. आली १४० मिलिसेकंद. आता द्रुताचा हिशोब करा. मिनिटाला २४० मात्रा, म्हणजे एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. १४० म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. तबलजींचा हात खरंच पुढच्या बोलासाठी उचललेला असणार!

एक गंमत सांगतो. आवाज थोडा मागे असला तर माणूस तक्रार करत नाही, कारण निसर्गात तो मागेच असतो. नदीच्या पलीकडे कुणी धुणं आपटत असेल तर आधी कपडा दगडावर पडताना दिसतो, मग थप्प ऐकू येतं. सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे मैदानात चौतीस मीटर मागे बसलेल्याला तबला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिराच ऐकू येतो आणि तो मजेत ऐकतो. आवाज चित्राच्या पुढे गेला की मात्र लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीतही हाच कल दिसतो. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे असला की माणसाला जाणवायला लागतं, मागे असला तर १२५ पर्यंत सहसा कळत नाही. आम्ही १४० वर होतो. म्हणजे मावशी बारीक कानाच्या वगैरे नव्हत्या, आम्हीच हद्द ओलांडली होती.

आता माझा लाडका मुद्दा, ज्यासाठी मी आज इथे उभा आहे. आवाज उशिरा येतो हे मुळात उलटं आहे! वाटा बघा. चित्र कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडतं, कॅमेरा त्यावर काम करतो, एचडीएमआयने बाहेर काढतो, कॅप्चर कार्ड ते घेऊन यूएसबीला देतं. प्रत्येक ठिकाणी फ्रेम थांबते, सगळं मिळून तीन-चार फ्रेम सहज जातात. आवाजाची वाट मात्र माइक, मिक्सर, इंटरफेस, संपली. काही मिलिसेकंद. म्हणजे आपण काहीच न करता आवाज पुढे पळायला हवा. तो मागे पडला असेल, तर त्याला कुणीतरी अडवून ठेवलंय. तो कुणीतरी शोधायचा.

आमच्याकडचा आरोपी पाच मिनिटांत सापडला. जुनं कार्ड फार संथ होतं, त्यात चित्र आवाजापेक्षा २०० मिलिसेकंद मागे पडायचं. म्हणून एका स्वयंसेवकाने ओबीएसच्या Advanced Audio Properties मध्ये इंटरफेसच्या आवाजाला Sync Offset २०० टाकला होता. तो आकडा धन असला की आवाज थांबवून ठेवला जातो. तेव्हा ते अगदी योग्य होतं. नंतर त्याची नोकरी पुण्याला लागली आणि आम्ही चांगलं, वेगवान कार्ड घेतलं. त्यात चित्र फक्त ६० मागे. आवाज मात्र अजून २०० थांबलेला. दोनशेतून साठ गेले, एकशे चाळीस. रोग गेला, औषध चालू राहिलं. मी आकडा ६० केला, परत टाळ्या वाजवल्या, परत फाइल उघडली. तळवे आणि उंचवटा एकाच फ्रेमवर. तबलजींना फोन केला, पण सासऱ्यांना आपण काय समजावणार?

एक चूक मीही केली होती, ती सांगून टाकतो. आधी मी हेडफोन लावून, ओबीएसच्या प्रीव्ह्यूकडे बघत आकडा जुळवायचा प्रयत्न केला. तासभर गेला. ऐकण्याच्या त्या वाटेला तिचा स्वतःचा उशीर असतो, त्यामुळे तुम्ही भलतीच चूक दुरुस्त करत बसता. रेकॉर्ड केलेली फाइल, तीच खरी. आणि टाळी माइकजवळ वाजवा. दहा मीटर दूर वाजवली तर तीस मिलिसेकंद हवेतच जातात.

...हो, चिठ्ठी मिळाली, सात मिनिटं. म्हणजे ज्याचं आश्वासन पत्रिकेत होतं ते आता पळत पळत.

Sync Offset शून्य आहे आणि तरीही आवाज मागे, असं असेल तर आवाजाच्या वाटेवरचं एकेक यंत्र बंद करून बघा. बहुतेकदा तिथे आवाज शुद्ध करणारं एखादं प्लगइन असतं. ते आधी पुढचे नमुने गोळा करतं, मग काम करतं. किंवा मंचावरच्या स्पीकरसाठीच्या प्रोसेसरमधून पुढे आलेला आवाज तुम्ही घेतलेला असतो. मिक्सरमधून वेगळी, थेट लाइन घ्या. काढता येत नसेल तर आवाजाला घाई करता येत नाही, चित्राला थांबवावं लागतं. कॅमेऱ्याच्या सोर्सवर Video Delay (Async) हा फिल्टर लावा आणि मोजलेले मिलिसेकंद टाका.

दुसरं, कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज एचडीएमआयमधून येतो, तो म्यूट आहे ना बघा. दोन्ही चालू असले की प्रेक्षक म्हणतात आवाज घुमतोय, आणि आपण सभागृहाच्या छताला दोष देतो.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि त्यालाच वेळ उरला नाही. सुरुवातीला जुळलेलं असतं आणि तासाभराने मागे पडतं, असं दिसलं तर कुठलाही एक आकडा टाकून ते सुटणार नाही. कॅमेरा आणि इंटरफेस यांची घड्याळं वेगळी असतात. दोघेही सेकंदाला ४८ हजार नमुने म्हणतात, पण कुठलंही खरं ४८ हजार नसतं. दहा लाखांत पन्नासाचा फरक म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद. म्हणूनच टाळी सुरुवातीला एक आणि शेवटी एक. दोन्हीकडे अंतर सारखं असेल तर आकड्याने सुटेल, वाढलेलं असेल तर घड्याळाचा दोष. आधी कंट्रोल पॅनेल, विंडोज, ओबीएस सगळीकडे ४८ हजारच आहे ना बघा. तरीही सरकत असेल तर इंटरफेसचं आउटपुट कॅमेऱ्याच्या माइक-इनमध्ये घाला आणि ओबीएसमध्ये यावेळी कॅमेऱ्याचा आवाज चालू, इंटरफेसचा म्यूट ठेवा, म्हणजे आवाज आणि चित्र एकाच एचडीएमआय केबलमधून, एकाच घड्याळावर येतील. पातळी बरीच खाली आणा, ते माइकचं भोक आहे, लाइनचा जोर त्याला झेपत नाही. कॅमेऱ्याचं ऑटो गेन बंद करा, नाहीतर शांत आलापात पंखा गायला लागेल. थोडी सरसर येईल, ती सोसा. आणि तिथे जुना Sync Offset शून्य करायला विसरू नका, आमच्यासारखं.

संपवतो. आता तुम्ही टाळ्या वाजवाल, सवयीने. जरा थांबा. सगळ्यांनी एकदम वाजवल्या तर मला त्यातून एक उंचवटा सापडणार नाही. अध्यक्ष महाराज, तुम्ही या, माइकजवळ हात धरा, कॅमेऱ्याकडे बघा. एकच. जोरात.