दात पाडणारा घरी, खुरपं मारणारा कोठडीत

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या फौजदारी कोर्टात मी बरीच वर्षं वकिली करतो. सकाळी फोन येतो आणि पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वकीलसाहेब, पेपरात आलंय, अजामीनपात्र गुन्हा दाखल झालाय. आता जामीन मिळणारच नाही ना?" घरातल्या बाईमाणसांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नसतो. मी विचारतो, कलम कोणतं? ते मात्र कुणाला ठाऊक नसतं.

म्हणून आज त्या एकाच शब्दाबद्दल बोलतो. एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण असली भांडणं आपल्याकडे दर पावसाळ्याच्या तोंडावर होतातच.

दोन चुलतभाऊ. बांध कुणी कोरला यावरून सकाळी शेतात जुंपली. थोरल्यानं धाकट्याच्या तोंडावर बुक्की मारली, समोरचा एक दात तुटला. धाकट्याच्या हातात खुरपं होतं, ते त्यानं फिरवलं. थोरल्याच्या दंडावर जखम झाली आणि ग्रामीण रुग्णालयात तीन टाके पडले. दोघेही पोलीस ठाण्यात गेले, दोघांनी एकमेकांविरुद्ध फिर्याद दिली.

आता तुम्हीच सांगा, यातला कोणता गुन्हा मोठा?

भारतीय न्याय संहितेप्रमाणे दात तुटणं ही गंभीर दुखापत आहे. हाड मोडणं आणि दात मोडणं कायद्यानं एकाच ओळीत बसवलेलं आहे. त्यामुळे थोरल्यावर कलम ११७ पोटकलम २ लागलं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. धाकट्यानं केलेली जखम साधी, पण ती कापणाऱ्या हत्यारानं केलेली. त्याच्यावर कलम ११८ पोटकलम १ लागलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि तरीही सात वर्षांचं कलम जामीनपात्र आहे, तीन वर्षांचं अजामीनपात्र!

म्हणजे शिक्षेच्या वर्षांवरून अंदाज बांधायला गेलात तर फसाल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची नावाचा एक लांबलचक तक्ता आहे. त्यात प्रत्येक कलमापुढे लिहिलेलं असतं, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र. त्या रकान्यात जे लिहिलंय ते खरं. निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस दगावला, तर कलम १०६ पोटकलम १ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तेही जामीनपात्र. ड्रायव्हर संध्याकाळी सुटला की गाव म्हणतं, पोलिसांनी पैसे खाल्ले. दर वेळी तसं नसतं. त्या रकान्यामुळेच तो सुटलेला असतो. हत्यारानं केलेल्या साध्या दुखापतीचं कलमही पूर्वी, जुन्या कायद्यात, जामीनपात्र धरलं जायचं. १ जुलै २०२४ पासून नवा तक्ता आला आणि ते पलीकडच्या बाजूला गेलं. जुन्या अनुभवावर भरवसा ठेवून "काही होत नाही रे" म्हणणारे पुढारी इथंच तोंडघशी पडतात.

आता दोघांच्या वाटेला काय आलं ते पाहू. थोरल्याला अटक झाली, पण जामीन हा त्याचा हक्क आहे. वॉरंटशिवाय अटक करताना, तुला जामिनावर सुटता येईल, जामीनदार बोलाव, हे त्याला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यातच जामीनदार उभा राहिला, कागद झाले, थोरला दिवे लागायच्या आत घरी. त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. समजा तो गरीब असता आणि जामीनदारच मिळाला नसता, तर? अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो निर्धन आहे असं कायदा धरून चालतो आणि त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, तारखेला हजर राहीन असं त्याच्याकडून लिहून घेऊन सोडावं लागतं. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे. काही जण तर जामीनपात्र कलमातही अटकपूर्व जामिनाच्या अर्जावर पैसे घालतात. अटकपूर्व जामीन फक्त अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो, त्यामुळे तो अर्ज टिकतच नाही.

धाकट्याचं निराळं. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळत नाही, असा अर्थ नाही. जामीन हक्कानं मागता येत नाही, कोर्टाला पटवून मागावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि गुन्हा अजामीनपात्र आहे म्हणून अटक झालीच पाहिजे, असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर अटक का गरजेची आहे ते पोलिसांनी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे ठणकावून सांगितलं. आपल्या धाकट्यानं मात्र खुरपं लपवलं होतं. ते जप्त करायचं आहे असं कारण लिहून तपासी अंमलदारानं त्याला अटक केली.

रात्र लॉकअपमध्ये गेली. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं. पोलिसांनी पीसीआर मागितला, म्हणजे पोलीस कोठडी. एक दिवस मिळाला, खुरपं गोठ्यातून निघालं. मग एमसीआर, न्यायालयीन कोठडी, आणि त्याच दिवशी आम्ही जामिनाचा अर्ज टाकला. कोर्टानं सरकारी वकिलांचं आणि पोलिसांचं म्हणणं मागवलं. कोर्ट काय बघतं? माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, आधीचे गुन्हे आहेत का, आणि आता त्याला आत ठेवून तपासाचा काय फायदा. हत्यार जप्त झालं होतं, घरदार, शेती गावातच होती. अर्ज मंजूर झाला. फिर्यादीला भेटायचं नाही आणि दर रविवारी ठाण्यात हजेरी लावायची, अशा अटी पडल्या.

पण मंजूर म्हणजे सुटका नव्हे, हेही सांगतो. जामीनदाराचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला, ओळखपत्र, फोटो, हे सगळं कोर्टात तपासून होईस्तोवर पाच वाजले, तर आणखी एक रात्र जेलात जाते. मी पक्षकाराला आधीच सांगतो, अर्जाची सही नंतर, जामीनदार आधी आणा.

फिर्यादीच्या प्रतीत "अजामीनपात्र" हा शब्द शोधत बसू नका, तिथं कलमांचे आकडे असतात. ते लिहून घ्या आणि तक्त्यात बघा. आणि एक लक्षात असू द्या, आकडे वाढू शकतात. डॉक्टरांचा अंतिम दाखला आल्यावर किंवा नवा जबाब झाल्यावर कलमवाढ होते, आणि काल जामीनपात्र असलेलं प्रकरण आज अजामीनपात्र होतं.

राहिला थोरला. तो पहिल्याच संध्याकाळी घरी आला आणि सुटलो म्हणून निर्धास्त झाला. दोषारोपपत्र गेलं, समन्स आलं, हा ऊसतोडीला बाहेरगावी. दोन तारखा चुकल्या, आणि कोर्टानं त्याच्या नावानं अजामीनपात्र वॉरंट काढलं. तो फोनवर माझ्याशी भांडला, "माझा गुन्हा तर जामीनपात्र होता ना!" गुन्हा जामीनपात्रच आहे. पण गुन्हा निराळा आणि वॉरंट निराळं. मुचलक्यात लिहून दिलेली तारीख ज्यानं पाळली नाही, त्याला त्याच खटल्यात पुन्हा धरून आणल्यावर जामीन नाकारण्याचा अधिकार कोर्टाला आहे. धाकटा त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात हजेरीला उभा होता, आणि थोरल्याला पोलीस हाताला धरून आत नेत होते.

नमस्कार.