डेक्कनच्या थांब्यावरचा त्रिकोण

डेक्कनच्या थांब्यावर आपण सगळेच कधी ना कधी ताटकळलो आहोत. समजा, तुमची बस सरासरी दर 10 मिनिटांनी येते आणि तुम्ही घड्याळ न बघता थांब्यावर पोहोचता. सरासरी किती वेळ थांबावं लागेल? आत्ता समोरून उत्तर आलं, '5 मिनिटं'. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मीही हेच म्हटलं होतं. आज हे उत्तर तपासू.

त्यासाठी एक गोष्ट गृहीत धरतो. ती माझी आहे, कुठल्या वेळापत्रकातली नाही. लागोपाठच्या दोन बसमधलं अंतर 0 ते 20 मिनिटांमध्ये काहीही असू शकतं, आणि प्रत्येक अंतराची शक्यता सारखी. म्हणजे सरासरी 10 झाली. आता तुम्हाला x मिनिटं थांबावं लागायचं असेल, तर तुम्ही ज्या अंतरात सापडलात ते निदान x मिनिटांचं हवं. तेवढी मोठी अंतरं किती? 20 पैकी (20 − x) एवढ्या वाट्याची. म्हणून थांबण्याच्या वेळेची घनता याच प्रमाणात उतरत जाते:

f(x) = k(20 − x), 0 ≤ x ≤ 20; बाकी सगळीकडे 0.

हे 'बाकी सगळीकडे 0' लिहायला विद्यार्थी हमखास विसरतात. 20 च्या पुढे (20 − x) ऋण होतं, आणि घनता ऋण असूच शकत नाही.

आता k. थांबण्याची वेळ 0 ते 20 मध्ये कुठेतरी पडणारच, म्हणून आलेखाखालचं पूर्ण क्षेत्रफळ 1 हवं.

∫₀²⁰ k(20 − x) dx = k(400 − 200) = 200k = 1

म्हणून k = 1/200. इथे संकलन न करताही पडताळा घेता येतो. आलेख काटकोन त्रिकोण आहे, पाया 20, उंची 20k. अर्धा गुणिले पाया गुणिले उंची, पुन्हा 200k. असा सोपा आकार असेल तेव्हा मी आधी क्षेत्रफळ काढतो आणि मगच संकलनाला हात घालतो.

इथे जरा थांबू या. f(0) = 20/200 = 0.1. याचा अर्थ 'बस लगेच मिळण्याची संभाव्यता 0.1' असा नाही. नेमक्या एका क्षणाची संभाव्यता शून्यच असते. 0.1 ही दर मिनिटामागची दाटी आहे. हेच गणित तासांत करा: पल्ला 1/3 तासाचा, क्षेत्रफळ k/18, म्हणून k = 18 आणि f(0) = 6. संभाव्यता 1 च्या वर गेली म्हणून घाबरून उत्तर खोडणारे मी पाहिले आहेत. खोडायचं कारण नाही. घनता 1 पेक्षा मोठी असू शकते, क्षेत्रफळ मात्र 1 च राहतं.

आता 5 मिनिटांच्या आत बस मिळण्याची संभाव्यता:

P(X ≤ 5) = (1/200) ∫₀⁵ (20 − x) dx = (100 − 12.5)/200 = 0.4375

निम्म्याहून कमी. '5 मिनिटं' या उत्तराला इथेच तडा जातो. आता सरासरी काढू. प्रत्येक x ला त्याच्या घनतेने गुणून संकलन करायचं. नुसत्या f चं संकलन केलं तर 1 येईल, आणि तेच सरासरी म्हणून लिहिलेलं मी उत्तरपत्रिकांत वाचलं आहे.

E(X) = (1/200) ∫₀²⁰ x(20 − x) dx = (1/200)(4000 − 8000/3) = 20/3

म्हणजे 6 मिनिटं 40 सेकंद. 5 नव्हे.

ही जादाची 1 मिनिट 40 सेकंद आली कुठून? दोनच अंतरं घ्या: एक 5 मिनिटांचं, एक 15 मिनिटांचं. सरासरी 10 च. पण या 20 मिनिटांत तुम्ही कधीही आलात, तर चारपैकी तीन वेळा 15 च्याच अंतरात सापडाल, कारण ते जास्त वेळ व्यापतं. तिथे सरासरी 7.5 मिनिटं थांबावं लागतं, छोट्या अंतरात 2.5. चारपैकी तीन आणि चारपैकी एक असा भार देऊन हिशोब केला की 6.25 मिनिटं येतात. मोठं अंतर जास्त माणसं अडकवतं. बस काटेकोर दर 10 मिनिटांनी आल्या असत्या तर घनता सपाट, 1/10, झाली असती आणि सरासरी खरोखरच 5 आली असती. बसची संख्या तीच, वाढ निव्वळ अनियमितपणाची.

हे सगळं अचानक थांब्यावर येणाऱ्या माणसासाठी. बस कुठे आहे ते मोबाइलवर बघून घराबाहेर पडणाऱ्याला ही f लागू नाही; त्याची घनता वेगळी मांडावी लागेल, आणि तिचा k पुन्हा काढावा लागेल.