वर्गणी, पट्टी आणि मेंटेनन्स

नमस्कार श्रोतेहो.

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला आहे आणि तिच्या भिंतीला लागून एक जुनं गावठाण आहे. 2021 साली जी 23 गावं महापालिकेत आली, त्यातलंच हे एक. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवत आलो आणि मध्ये तीन वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो. औपचारिक आणि अनौपचारिक सामाजिक नियंत्रण, म्हणजे कायद्याने आणि लोकलाजेने माणसाला वळणावर ठेवणं, हा धडा वर्गात मी कितीतरी वेळा घेतला असेन. पण तो मला नीट कळला तो थकबाकीची यादी हातात आल्यावर. म्हणून आज फक्त पैशाबद्दल बोलतो. माणूस देणं का देतो आणि का बुडवतो, एवढंच.

आधी गावात जाऊ. गावाला दोन प्रकारचे पैसे द्यावे लागत. एक घरपट्टी-पाणीपट्टी, ती ग्रामपंचायतीची. दुसरी यात्रेची वर्गणी, ती भैरवनाथाची. पट्टीच्या मागे अख्खा कायदा उभा होता, 1958चा ग्रामपंचायत अधिनियम. आधी बिल, मग मागणीची नोटीस, तरी भरली नाही तर घरातली जंगम मालमत्ता जप्त करून विकायचा अधिकार. खुद्द पंचायतीच्या सदस्याने मागणी झाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही, तर त्याचं पदही जाऊ शकतं. वर्गणीच्या मागे काय होतं? शंभर पानी वही आणि दोन पोरं.

आता गंमत अशी, की पट्टी वर्षानुवर्षं थकायची आणि वर्गणी मात्र यात्रेच्या आदल्या रात्रीपर्यंत गोळा व्हायची.

ती वही मी पाहिली आहे. त्यात नावं आडनावांच्या क्रमाने नसतात, भावकीप्रमाणे असतात. एका भावकीचं पान, त्यावर घरटी एक ओळ, पुढे आकडा. पाडव्याला देवळात बैठक बसते, घरटी किती ते ठरतं, समजा हजार. मग छबिन्याच्या रात्री किंवा कुस्त्यांच्या आखाड्यात वही स्पीकरवरून वाचतात. अमक्याकडून एक हजार, तमक्याकडून एक हजार. ज्यानं दिले नाहीत, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फक्त त्याच्या चुलत्याचं नाव येतं आणि त्यानंतर थेट त्याच्या पुतण्याचं. मधली जागा सगळ्या गावाला ऐकू येते. समाजशास्त्रात ज्याला अनौपचारिक दंड म्हणतात, तो इतका बारीक असू शकतो.

पट्टीच्या बाबतीत हे का चालत नव्हतं? सरपंचाने भांडी उचलायची तर कुणाची? चुलत्याची? की ज्या घरात पाच मतं आहेत त्या घरची? जप्तीचा अधिकार कागदावर होता, पण तो वापरणारा माणूस त्याच नात्यांत गुरफटलेला होता. मग ग्रामसेवकानेच आपली वाट काढलेली असायची. पोराच्या ॲडमिशनसाठी रहिवासी दाखला लागला की माणूस आपणहून ऑफिसात येतो. तेव्हा, "आधी मागची बाकी भरा." वसुलीचा खरा हंगाम जून महिना, नाहीतर निवडणुकीचे दिवस, कारण उमेदवाराला थकबाकी नसल्याचं दाखवावं लागतं.

गावातल्या नात्याला अनेक पदर असतात. ज्याची वर्गणी बाकी आहे, तोच बांधाला बांध लागलेला शेजारी असतो, त्याच्याच विहिरीवरून पाण्याची पाळी घ्यायची असते, लेकीच्या लग्नात पंगतीला वाढायला त्याचीच पोरं लागणार असतात. एका धाग्याला ताण दिला की बाकीचे सगळे ओढले जातात. मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या न्यायनिवाड्यांचा अभ्यास करताना अशा अनेकपदरी नात्यांवर बराच भर दिला होता. तिथल्या पंचांना नुसतं कोण चुकलं ते ठरवून भागत नाही, उद्या दोघांना पुन्हा एकाच वाटेनं जायचं असतं.

पण गावाचं फार कौतुक करायला नको. हा दाब सगळ्यांवर सारखा पडत नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 'प्रबळ जात' ही संकल्पना मांडली, म्हणजे गावात संख्या, जमीन आणि सत्ता जिच्या हातात ती जात. ती इथे लगेच दिसते. वही ज्यांच्या हातात, त्यांच्यापैकी कुणी थकला तर ती अडचण ठरते, आणि वस्तीवरच्या घराने दिले नाहीत तर तो माज ठरतो. हेच पुढे अबोल्यावर आणि वाळीत टाकण्यावर जातं. महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, 2016चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. तो 3 जुलै 2017पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जातपंचायत ही पुन्हा निराळी गोष्ट, तिला गाव किंवा ग्रामपंचायत समजू नका. पण कायदा दोन्हीकडच्या बहिष्काराला लागू पडतो. आखाड्यात नाव न वाचणं वेगळं आणि मयताला जाऊ नका असं फर्मान काढणं वेगळं.

आता भिंतीच्या अलीकडे येऊ.

आमच्याकडे चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ. महिन्याचा मेंटेनन्स 3,500 रुपये. त्यांनी ओळीने 18 महिने भरला नाही. मुद्दल झालं 63,000. आमच्या उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, थकबाकीवर वार्षिक 21 टक्के सरळव्याज आहे, म्हणजे एका महिन्याच्या बिलावर दरमहा 61 रुपये 25 पैसे. पहिल्या बिलाला सतरा महिन्यांचं व्याज, दुसऱ्याला सोळा, असं करत शेवटच्याला शून्य. बेरीज 9,371. एकूण 72,371 रुपये. हा आकडा मला अजून पाठ आहे, यावरून काय ते समजा.

आमच्या हातात काय होतं? गावाकडे नसलेलं सगळं. नोटीस, दुसरी नोटीस, कमिटीचा ठराव. मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. पूर्वी हे सहकार कायद्याच्या कलम 101खाली व्हायचं. 2019च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि आता ते 154ब-29खाली होतं. सुनावणी होते, दाखला मिळतो, पुढे वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. रस्ता लांब आहे, पण कागद नीट असतील तर पोचवतो. कागद म्हणजे ठराव, हिशेबाचा उतारा, नोटिसांच्या पोचपावत्या. एक पोच हरवली की पुढची तारीख.

आणि एवढी यंत्रणा हातात असताना कमिटीला काय सुचलं? नोटीस बोर्डावर लाल अक्षरात नाव. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी. मग एकजण म्हणाला, "पाणी तोडा, दोन दिवसांत सरळ येतील." पाणी तोडायचा अधिकार कमिटीला कुठल्याही उपविधीने दिलेला नाही, हे सांगताना माझा घसा बसला. आम्हा शिकलेल्या लोकांना कायदा हळू वाटला की लगेच गावकी आठवते, पण गावकी चालायला लागतं ते नातं आमच्याकडे नव्हतं. त्या गृहस्थांना आमच्याकडून काहीच नको होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. लिफ्टमध्ये मोबाईलकडे बघत उभं राहिलं की झालं. आमचं नातं एकाच धाग्याचं, आणि तो धागा म्हणजेच ते बिल. यादी ग्रुपवर पडल्यावर त्यांनी ग्रुप सोडला. संपला दंड.

(हीच कमिटी अविवाहित भाडेकरू नकोत म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करते, तेव्हा उलटं होतं. तिथे पारावरची कुजबुज लेटरहेडवर चढते आणि तिला जावक क्रमांक मिळतो.)

18 महिन्यांत कुणी त्यांना पैसे का देत नाही हे विचारलं नव्हतं. औपचारिक वाटेवर तो प्रश्नच नसतो. देणं आहे का आणि थकलं आहे का, एवढंच पाहतात. विचारलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. पाचव्या मजल्याच्या बाथरूममधून या गृहस्थांच्या बेडरूममध्ये गळत होतं, त्यांनी दोन अर्ज दिले होते, आणि कमिटीने उत्तर दिलं होतं की दोन फ्लॅटमधली गळती हा सभासदांचा आपसातला प्रश्न. उपविधींप्रमाणे ते बरोबरही होतं. तक्रार आहे म्हणून मेंटेनन्स थांबवता येत नाही, हेही बरोबर. पण ओल आलेली भिंत रोज रात्री त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

काकू पाचव्या मजल्यावर गेल्या, चहा घेतला, खाली आल्या, परत वर गेल्या. प्लंबर आला, नहाणीतली फरशी निघाली, वॉटरप्रूफिंग झालं. पैसे तीन चेकने आले. व्याजही आलं, जरा धुसफुसत.

आता हे काकूंमुळे झालं असं आमच्या इथे सगळे म्हणतात. मी पूर्ण मान्य करत नाही. काकू वर गेल्या त्या आठवड्यात उपनिबंधकांची सुनावणीची नोटीस त्या गृहस्थांच्या दारात पडलेली होती. नोटीस नसती तर काकूंचं बोलणं शेजारधर्म म्हणून ऐकून सोडलं असतं. काकू नसत्या तर दाखला मिळाला असता, पैसेही मिळाले असते, आणि गळणारं छत मिटिंगमध्ये कायमचं बसलं असतं.

भिंतीपलीकडे मात्र उलटंच घडलं. 2021मध्ये गाव महापालिकेत गेलं आणि ग्रामपंचायत विसर्जित झाली. सरपंच, ग्रामसेवक, दाखल्याचं टेबल, सगळं गेलं. पट्टी आता महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर येते, आणि मार्च 2022पासून पुढे काही वर्षं महापालिकेतही नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा माणूसच उरला नाही. यात्रा कमिटी मात्र आहे तशीच आहे. तिला विसर्जित करायचा आदेश काढणार कोण?

वहीत मात्र एक नवं पान आलंय. वर लिहिलंय 'सोसायट्या'. त्या वर्षी चैत्रात, सुनावणीच्या आधी महिनाभर, दोन पोरं गेटवर आली. वॉचमनने नोंद करायला लावली, कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांकडे. आमच्या चेअरमननी पावती मागितली आणि ट्रस्ट नोंदलेला आहे का ते विचारलं. मी मागे उभा होतो. तेवढ्यात लिफ्टमधून चौथ्या मजल्यावरचे ते गृहस्थ बाहेर आले. खिशातून 501 रुपये काढले, पोराच्या हातात दिले, आणि वही जवळ ओढून त्याला आपलं आडनाव कसं लिहायचं ते सांगितलं. मग विचारलं, "स्पीकरवर कितीला वाचणार?"