पाडव्यात 'एक' कुठे आहे?

मंडळी, दिवाळी भरभर मोजून पाहा. वसुबारस, धनतेरस, नरकचतुर्दशी. बारा, तेरा, चौदा. मग अमावस्या, पाडवा, भाऊबीज. बीज म्हणजे द्वितीया, दोन. मग 'एक' कुठे गेला? पाडवा म्हणजे झिजलेली प्रतिपदा, आणि तिच्यात 'पहिली' असं काही नाही. तिच्यात 'पद्' आहे, पाऊल टाकणं, आत शिरणं. द्वितीयेपासून चतुर्दशीपर्यंत तेरा नावं सरळ आकडे आहेत. बिनआकड्याची नावं दाराशी नि शेवटी: प्रतिपदा, पौर्णिमा आणि अमावस्या. 'अमा' म्हणजे एकत्र, 'वस्' म्हणजे राहणं. सूर्य-चंद्राचं बिऱ्हाड एका ठिकाणी.

पण हे आकडे मोजतात काय? दिवस? तसंच माझ्या आत्याला वाटायचं. एका वर्षी कॅलेंडरात नवमीनंतर थेट एकादशी. आत्या दुकानात गेली, "दशमी गाळलीत, पैसे मात्र पुरते घेतलेत!" त्याने बिचाऱ्याने दुसरं कॅलेंडर दिलं. त्यातही दशमी नाही. घरी येऊन मला म्हणाली, "सगळे मिळालेले आहेत रे." (हसू नका, तुमच्यातही दोघा-तिघांनी असं केलेलं असणार.)

मी कागद घेतला. आकडे सोयीचे धरू. सूर्योदय साडेसहाचा. मंगळवारी नवमी ६:५० ला संपली, दशमी लागली. बुधवारी ६:१० ला तीही संपली. म्हणजे दशमी तेवीस तास वीस मिनिटं होती, पण तिच्या वाट्याला सूर्योदयच आला नाही. आणि वाराला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या तिथीचं. हाच क्षय. उलट एखाद्या लांब तिथीला दोन सूर्योदय मिळाले की ती दोनदा छापतात. आत्या म्हणाली, "म्हणजे छापखान्याची चूक नाही?" तरी तिला संशय आहेच.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा मुद्दा घाईत. मोजलं जातं ते अंतर. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. चंद्र कधी वेगात, कधी रेंगाळत जातो, म्हणून तिथी साधारण वीस ते सत्तावीस तासांची. शिवाय नाव चालू टप्प्याचं असतं, पुऱ्या झालेल्याचं नव्हे. शुद्ध अष्टमी ८४ ते ९६ अंश, म्हणून अर्धा चंद्र नेमका तिच्या मध्यावर. पौर्णिमा १६८ ते १८०, म्हणजे चंद्र पुरता भरतो तो ती संपताना!

शेवटचं एकच. पंचांगात अमावस्येपुढे '३०' असतं. आपला महिना तिथेच संपतो, तेव्हा ठीक. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, अमावस्या मधोमध येते. तरी तिथल्या पंचांगातही ती ३०च.