महाराज गेले, आता पत्रात काय लिहायचं?

नमस्कार श्रोतेहो.

गावातले कीर्तनकार महाराज गेले, की संध्याकाळपर्यंत भजनी मंडळात एक प्रश्न येतोच: श्रद्धांजलीचा मजकूर कोण लिहिणार? मग एखाद्या जुन्या पत्राची झेरॉक्स शोधली जाते, नाव बदललं जातं आणि तेच पत्र सभेत वाचलं जातं, तेच घरीही पाठवलं जातं. माझं सांगणं असं, की ही दोन पत्रं वेगळी लिहा.

आपण समजू, महाराज वारकरी आणि गृहस्थाश्रमी होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या मागं पत्नी, दोन मुलं, एक सून, नातवंडं. आणि दर आषाढीला त्यांच्यामागं चालणारी दिंडी.

सभेच्या पत्रात 'महाराज वैकुंठवासी झाले' हे नीट बसतं. त्याच्याखाली सवयीनं 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो' असं येतं, तिथं मात्र थांबा. ज्यांनी आयुष्यभर आपल्याला नाम दिलं, त्यांच्या शांतीची काळजी आपण करायची? जुनी माळकरी मंडळी हे वाक्य ऐकून एकमेकांकडे बघतात. त्यापेक्षा महाराजांनी काय दिलं ते लिहा: 'त्यांच्याकडून आम्ही हरिपाठ शिकलो. सप्ताहात पहाटेच्या काकड्याला ते आमच्या आधी मंदिरात असत.' एवढ्या दोन ओळी 'कधीही भरून न येणारी पोकळी'पेक्षा जास्त सांगतात. ती पोकळी नगरसेवकापासून नटापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येते, तिच्यात महाराज कुठेच दिसत नाहीत.

शब्द मात्र ज्या त्या परंपरेचा असावा. संन्यासी असतील तर 'ब्रह्मलीन', लिंगायत स्वामी असतील तर 'लिंगैक्य'. बौद्ध भिक्खू गेले तर 'आत्म्यास शांती' आणि 'स्वर्गवासी' हे दोन्ही टाळा, कारण धम्मात आत्मा मानत नाहीत. शंका वाटली तर 'यांचे निधन झाले' म्हणावं, त्यानं कुणी दुखावत नाही.

आता घरचं पत्र. इथं चूक होते ती भक्तीपोटीच. 'आम्ही पोरके झालो' हे शिष्यानं सभेत म्हणणं ठीक आहे. पण ज्या मुलाचे खरे वडील गेलेत, त्याच्या हातात ते पत्र दिलं तर त्याचं दुःख दुसऱ्या नंबरवर जातं. 'महाराज गेलेच नाहीत, ते आपल्यातच आहेत, रडू नका' हेही तसंच. आईंच्या दृष्टीनं घरातलं माणूस गेलेलं असतं, त्यांना रडायला आपली परवानगी लागत नाही. आणि संप्रदायाला तरी रडणं कुठं वर्ज्य आहे? 1296 साली आळंदीत ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली. त्या प्रसंगावरच्या, नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आहे. ते गुरू होते, थोरले भाऊही होते. तिथं भावाचं रडणं कुणी झाकलेलं नाही.

म्हणून घरी असं लिहावं: 'आईंना सर्वांचा साष्टांग नमस्कार. महाराज आमच्यासाठी महिनोन्‌महिने घराबाहेर राहिले, तेव्हा घर तुम्ही सांभाळलंत. रात्री-अपरात्री आलेल्या माणसालाही तुमच्याकडे भाकरी मिळाली. आज तुमच्या दुःखात आम्ही तुमच्याबरोबर आहोत. दहाव्यापर्यंत येणाऱ्या लोकांचं पाणी, चहा आणि बसायची व्यवस्था मंडळ बघेल, तुम्ही त्याची चिंता करू नका.' यात महाराजांचा गौरव थोडा आणि घराचं ऋण जास्त आहे. शेवटी 'काही लागलं तर सांगा' असं मोघम न लिहिता नेमकं काम सांगितलंय. दुःखातला माणूस फोन करून मदत मागत बसत नाही. सांगितलेलं काम मात्र करायलाच हवं. मांडव आला नाही, तर पत्राचा काही उपयोग नाही.

एक गोष्ट दोन्ही पत्रांत नसावी. 'आता दिंडी महाराजांचे थोरले चिरंजीव चालवतील, हीच महाराजांना खरी श्रद्धांजली' हे वाक्य सभेत टाळ्या घेतं आणि घरात भांडण लावतं. थोरल्याला कदाचित नोकरी सोडायची नसते, धाकट्याला कीर्तन येत असतं, आणि जुन्या शिष्यांपैकी एखाद्याला वाटत असतं की वीणा आपल्याकडे यावी. हा विषय तेराव्यानंतर, घरच्यांना विचारून ठरवलेल्या बैठकीत काढावा, आणि त्या बैठकीला आईंनाही बोलवावं.