पायाच्या बोटावरचा काळा ठिपका

नमस्कार मंडळी, आज टंगियासिसबद्दल बोलूया. नाव अवघड आहे पण भानगड साधी, वाळूतली एक पिसू पायाच्या कातडीत शिरते आणि तिथेच मुक्काम ठोकते. ही पिसू दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे सापडते.

समजा एक जण ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या गावात अनवाणी हिंडला. पिसू जेमतेम एक मिलिमीटरची, त्यामुळे शिरताना बहुतेकांना पत्ताच लागत नाही, फक्त नखाशेजारी एक लाल टिंब दिसतं, थोडी खाज येते, आणि माणूस म्हणतो डास चावला असेल. मग एक-दोन दिवसांत ते टिंब फुगायला लागतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत साबुदाण्याच्या दाण्याएवढी, कधी त्याहून मोठी पांढरी गाठ होते, मधोमध काळा ठिपका. टोचतं, बूट घातला की ठणकतं.

आता तो काळा ठिपका म्हणजे काय? बऱ्याच जणांना वाटतं पिसूचं डोकं. नाही हो, उलटं आहे! डोकं आत असतं, रक्त पीत, आणि बाहेर राहतं ते तिचं मागचं टोक. त्यातूनच ती श्वास घेते, विष्ठा टाकते आणि अंडी बाहेर सोडते. पांढरं दिसतं ते अंड्यांनी फुगलेलं पोट. म्हणून नीट बघा, ठिपक्याजवळ बारीक पांढरी अंडी किंवा तपकिरी धागा दिसला तर चामखीळ समजून ॲसिड लावत बसू नका.

आणि दाबू तर अजिबात नका. दाबलं की पिसू आतच फुटते, तुकडे राहतात, मग सूज आणि पू. घरातली सगळ्यांची एकच सुई वापरणं तर त्याहून वाईट, कारण रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्हीसुद्धा त्या सुईवरून दुसऱ्याला जाऊ शकतो. दवाखान्यात निर्जंतुक सुईने ठिपक्याभोवतीचं छिद्र हळूच मोठं करतात आणि पिसू अख्खी बाहेर काढतात, मग जखम धुवून ड्रेसिंग. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का हे विचारतील, कारण जखम मातीतली आहे. गाठी खूप असतील तर काढत बसण्यापेक्षा डायमेथिकोन नावाचं पातळ सिलिकॉन तेल लावतात, ते ठिपक्याच्या भोकातून आत झिरपतं आणि पिसू गुदमरून मरते, साधारण आठवड्याभरात.

काहीच केलं नाही तरी पिसू चार ते सहा आठवड्यांत आपोआप मरते. गाठ काळपट, सुकलेली, खपलीसारखी दिसली तर बहुधा ती मेलेलीच असते. लाली किंवा पू नसेल तर अशा गाठीला उगाच उकरू नका, खपली आपली आपण गळून पडते.